स्क्रीन लॉक केली की यूट्यूब गप्प: लाइट की प्रीमियम, आणि बिघाड नेमका कुठे?

मोबाइलच्या दुकानात बसल्यामुळे ही तक्रार माझ्याकडे सतत येते. "जाहिराती बंद करायचे पैसे भरलेत, तरी फोन खिशात टाकला की आवाज बंद होतो." फोन बदलतो, माणूस बदलतो, पण कारणं ठरावीक चार-पाचच निघतात. त्यातलं सगळ्यात मोठं कारण फोनमध्ये नसतंच. यूट्यूबच्या स्वस्त योजनेत काय मिळतं आणि महागड्या योजनेत काय मिळतं, हे घेताना कुणी नीट वाचलेलं नसतं. म्हणून फोन उघडण्याआधी, फॉरमॅट मारण्याआधी आणि नवीन हँडसेट घेण्याआधी खालच्या क्रमाने बघा. आधीचे उपाय फुकट आहेत, खर्चाचे शेवटी.

लक्षणं

तुमचं लक्षण यातलं कोणतं आहे ते आधी नक्की करा, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

- स्क्रीन लॉक केली की आवाज त्याच क्षणी बंद.
- लॉक केल्यावर काही मिनिटं व्यवस्थित चालतं, मग आपोआप थांबतं.
- प्रवचन, बातम्या, मुलाखती चालतात, पण गाणं लावलं की थांबतं किंवा मध्ये जाहिरात येते.
- व्हिडिओ चालू असताना होमवर गेलं तर छोटी तरंगती खिडकी येत नाही.
- डाउनलोड सुरूच होत नाही, किंवा डाउनलोड केलेला व्हिडिओ काही दिवसांनी उघडत नाही.

पहिली दोन लक्षणं गिऱ्हाईक एकाच वाक्यात सांगतं, "बंद पडतं" म्हणून. पण ती अगदी वेगळी आहेत. लॉक करताच थांबत असेल तर दोष योजनेत, अकाउंटमध्ये किंवा अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये असतो. थोडं चालून थांबत असेल तर योजना ठीक आहे, फोनच ते अ‍ॅप बंद करतोय. हा फरक ओळखला की निम्मं काम तिथेच संपतं.

पहिली तपासणी: नेमकं काय विकत घेतलंय?

याला एक मिनिट लागतं. यूट्यूब अ‍ॅपमध्ये आपल्या फोटोवर टॅप करा, `Purchases and memberships` उघडा आणि तिथे कोणतं नाव दिसतंय ते वाचा. ब्राउझरमधून बघायचं असेल तर `youtube.com/paid_memberships` हा पत्ता टाका. पूर्ण प्रीमियम चालू असेल तर अ‍ॅपच्या वरच्या कोपऱ्यात नेहमीच्या लोगोऐवजी `Premium` लिहिलेलं दिसतं.

भारतात सध्या दोन योजनांमध्ये गोंधळ होतो. पूर्ण प्रीमियम 2019 पासून आहे आणि ऑगस्ट 2024 पासून एका माणसासाठी त्याचा दर महिन्याला 149 रुपये आहे. हे खरं तर एक गाठोडं आहे: व्हिडिओ जाहिरातींशिवाय, स्क्रीन बंद असताना आवाज चालू, डाउनलोड, शिवाय यूट्यूब म्युझिकचं प्रीमियम. प्रीमियम लाइट सप्टेंबर 2025 मध्ये 89 रुपयांना आलं. त्याचा मुख्य उद्देश एकच, बहुतेक व्हिडिओंमधल्या जाहिराती काढणं. "बहुतेक" हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. संगीत, शॉर्ट्स आणि शोधताना किंवा नुसतं चाळताना दिसणाऱ्या जाहिराती लाइटमध्ये राहतात.

लाइट भारतात आलं तेव्हा त्यात बॅकग्राऊंड प्ले, म्हणजे स्क्रीन बंद असताना आवाज चालू राहणं, आणि डाउनलोड दोन्ही नव्हतं. नंतर संगीत नसलेल्या व्हिडिओंपुरत्या या सोयी लाइटमध्येही टप्प्याटप्प्याने यायला लागल्या. म्हणूनच एक माणूस छातीठोकपणे सांगतो की लाइटमध्ये आवाज चालू राहतो, आणि दुसरा तितक्याच खात्रीने नाही म्हणतो. कुणाचं ऐकू नका. स्वतःच्या सदस्यतेच्या पानावर फायद्यांची यादी दिलेली असते, त्यात आज काय लिहिलंय तेच खरं.

याच पानावर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. सदस्यता संपली तर नाही ना? प्रीपेड पद्धतीने एक महिना, तीन महिने किंवा वर्षभराचे पैसे भरलेले असतील तर ती योजना आपोआप पुढे चालू होत नाही, मुदत संपली की संपली. यूपीआय ऑटोपे असेल तर पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी मेसेज येतो. त्या दिवशी खात्यात शिल्लक नसेल किंवा कुणी मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी, रद्द केलं असेल, तर पैसे जात नाहीत आणि सोयी बंद होतात.

दुसरी गोष्ट अकाउंटची. पैसे एका जीमेलवरून भरलेले असतात आणि फोनवर यूट्यूब दुसऱ्याच जीमेलने चालू असतं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर हे हमखास सापडतं, कारण फोन घेताना मुलाने स्वतःचं अकाउंट टाकलेलं असतं आणि नंतर दुकानात कुणीतरी नवीन काढून दिलेलं असतं. फोटोवर टॅप करून `Switch account` बघितलं की उलगडा होतो. सदस्यता अकाउंटला चिकटलेली असते. सिमकार्डशी किंवा फोनशी तिचा संबंध नाही.

दुसरी तपासणी: दोन व्हिडिओंची परीक्षा

योजना चालू आहे आणि अकाउंटही बरोबर आहे, तरी अडचण असेल तर ही परीक्षा घ्या. माझ्या मते याहून उपयोगी तपासणी दुसरी नाही.

एक व्हिडिओ निव्वळ बोलण्याचा निवडा. बातमीपत्र, मुलाखत, पाककृती, काहीही चालेल, फक्त त्यात गाणं नको. दुसरा निवडा कुठल्यातरी म्युझिक कंपनीने टाकलेलं गाणं. दोन्ही एकाच फोनवर, एकाच वायफायवर, एकामागोमाग लावा. प्रत्येक वेळी स्क्रीन लॉक करा आणि किमान दहा मिनिटं थांबा.

बोलण्याचा चालला आणि गाणं लगेच थांबलं, तर फोन शंभर टक्के ठीक आहे. तुम्ही लाइटच्या सीमेवर उभे आहात, आणि कुठल्याही सेटिंगने ती सीमा हलणार नाही. दोन्ही लगेच थांबले तर तिसऱ्या तपासणीकडे जा. दोन्ही सुरुवातीला चालून मग थांबले तर थेट चौथीकडे.

आमच्या शेजारच्या काकूंचं उदाहरण सांगतो. सकाळी स्वयंपाक करताना त्या फोन ओट्यावर ठेवून ऐकतात. आधी निरूपण, मग अभंग. मुलाने त्यांना लाइट घेऊन दिलं होतं. त्यांची तक्रार अशी: "अरे, महाराजांचं बोलणं अर्धा-पाऊण तास चालतं, आणि अभंग लागला की बंद. फोनला अभंग आवडत नाही का?" मुलाने अ‍ॅप काढून परत टाकलं होतं, फोन दोनदा रीस्टार्ट केला होता, आणि शेवटी नवीन फोन घ्यायचं ठरवत होता.

मी त्यांच्याच यादीतले दोन व्हिडिओ उघडले. निरूपणाच्या चॅनेलवर नुसतं बोलणं होतं. अभंगाच्या व्हिडिओचं वर्णन उघडलं तर सुरुवातीलाच `Provided to YouTube by` आणि शेवटी `Auto-generated by YouTube` असं लिहिलेलं, आणि चॅनेलच्या नावामागे `Topic`. म्हणजे म्युझिक कंपनीकडून थेट आलेलं गाणं. ते यूट्यूब म्युझिकच्या खात्यात मोडतं, आणि लाइटच्या सोयी त्याला लागू होत नाहीत. फोनमध्ये एकही दोष नव्हता.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त पडतो, कारण आपलं बरंचसं ऐकणं बोलणं आणि गाणं यांच्या मधलं असतं. कीर्तनात निरूपणही असतं आणि मध्येच टाळ-मृदंगावर अभंगही. भजनी मंडळाने स्वतः टाकलेलं रेकॉर्डिंग, कॅसेट कंपनीने टाकलेला जुना अल्बम आणि मंदिराचं थेट प्रक्षेपण, हे तिन्ही ऐकणाऱ्याला सारखेच, पण यूट्यूबच्या वर्गवारीत सारखे असतीलच असं नाही. वर्णनातल्या त्या दोन इंग्रजी ओळी दिसल्या तर संगीत हे नक्की समजा. नाही दिसल्या तरी ते गाणं यूट्यूब म्युझिकच्या अ‍ॅपमध्ये शोधून बघा. तिथे गाणं म्हणून सापडलं तर तीच शक्यता जास्त.

काकूंसाठी निर्णय सोपा होता. त्या दिवसातला बराच वेळ अभंग ऐकतात, म्हणून महिन्याचे 60 रुपये जास्त देऊन पूर्ण प्रीमियम घेणं रास्त होतं. तेच त्यांचे यजमान फक्त बातम्या आणि शेतीचे व्हिडिओ बघतात. त्यांना लाइट पुरतं.

तिसरी तपासणी: अ‍ॅपच्या आतलं सेटिंग

इथे येईपर्यंत पैसा आणि योजना दोन्ही बरोबर असल्याची खात्री झालेली असली पाहिजे. नसेल तर परत मागे जा, कारण योजनेतच नसलेली सोय सेटिंगमध्ये शोधण्यात लोक अख्खी दुपार घालवतात.

यूट्यूबच्या `Settings` मध्ये `Background & downloads` असा भाग असतो. त्यातल्या `Playback` मध्ये तीन पर्याय मिळतात: नेहमी चालू, फक्त हेडफोन किंवा बाहेरचा स्पीकर जोडलेला असताना चालू, आणि बंद. मधला पर्याय फसवा आहे. हेडफोन लावून चालतं आणि काढले की थांबतं, त्यामुळे लोकांना हेडफोनचा जॅक किंवा फोनचा स्पीकर बिघडलाय असं वाटतं. `Always on` ठेवा. हा भागच दिसत नसेल तर ही सोय तुमच्या चालू अकाउंटला मिळालेली नाही, म्हणजे पुन्हा पहिल्या तपासणीकडे.

त्यानंतर प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधून अ‍ॅप अपडेट करा, अकाउंटमधून बाहेर पडून परत आत या आणि फोन एकदा रीस्टार्ट करा. योजना नुकतीच बदलली असेल तर एवढ्यानेच काम होतं, कारण अ‍ॅप जुनीच माहिती धरून बसलेलं असतं. अँड्रॉइडवर `Clear cache` करायला हरकत नाही. पण `Clear storage` करू नका आणि अ‍ॅप काढून टाकू नका, निदान डाउनलोड केलेलं काही असेल तर. दोन्हींमुळे सगळे डाउनलोड जातात.

चौथी तपासणी: फोनच आवाज बंद करतोय का?

काही मिनिटं चालून थांबण्याचं कारण जवळपास नेहमी बॅटरी वाचवणं हे असतं. स्क्रीन बंद झाली की अँड्रॉइड मागे चालणाऱ्या अ‍ॅपवर मर्यादा घालतो, आणि काही कंपन्या त्यावर स्वतःची आणखी कडक यंत्रणा बसवतात. बॅटरी जास्त टिकली की जाहिरातीत सांगता येतं, पण त्यात तुमचं कीर्तन मध्येच तुटतं.

फोनच्या `Settings` मध्ये `Apps`, मग `YouTube`, मग `Battery` उघडा आणि `Unrestricted` निवडा. काही फोनमध्ये याच अर्थाचा `No restrictions` असा शब्द असतो, काहींमध्ये `Autostart` वेगळं चालू करावं लागतं. सॅमसंगच्या फोनमध्ये `Sleeping apps` आणि `Deep sleeping apps` अशा याद्या असतात, तिथे यूट्यूब जाऊन बसलं असेल तर बाहेर काढा. बॅटरी सेव्हर चालू असेल तर तो बंद करून तीच दहा मिनिटांची परीक्षा परत घ्या. यातल्या एकेक बदलानंतर परीक्षा घ्या. सगळं एकदम बदललं तर नेमकं कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या सिस्टीम अपडेटनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

वायफायवर चालतं आणि मोबाइल डेटावर थांबतं, असं असेल तर बॅटरी सोडा आणि `Data Saver` बघा. तो चालू असताना मागे गेलेल्या अ‍ॅपला डेटा मिळत नाही. आधी साठलेला तुकडा संपेपर्यंत आवाज येतो आणि मग शांतता. हे थांबणं नेहमी साधारण तेवढ्याच वेळाने होतं, त्यावरून ओळखता येतं. `YouTube` ला `Unrestricted data` मधून मोकळीक द्या.

एक सवयही तपासा. बरेच जण काम झालं की अलीकडच्या अ‍ॅपची यादी उघडून सगळं उडवतात. त्यात यूट्यूबही उडतं आणि आवाज थांबतो. हा बिघाड नाही. आयफोनवरही अ‍ॅप वर सरकवून बंद केलं की तेच होतं.

छोटी खिडकी येत नसेल तर

पिक्चर-इन-पिक्चर ही आवाज मागे चालण्यापेक्षा वेगळी सोय आहे. आवाज मागे चालत असेल आणि खिडकी तेवढी येत नसेल, तर योजना ठीक आहे, परवानगी अडली आहे. परवानगी दोन ठिकाणी लागते. एक यूट्यूबच्या `Settings` मध्ये `Picture-in-picture`, हे बहुधा `General` मध्ये आणि काही आवृत्त्यांमध्ये `Playback` मध्ये सापडतं. दुसरी फोनच्या सेटिंगमध्ये, यूट्यूबच्या अ‍ॅपच्या पानावर याच नावाने. आयफोनवर `Settings`, `General`, `Picture in Picture` मध्ये `Start PiP Automatically` चालू लागतं.

अँड्रॉइड 8 च्या आधीच्या फोनमध्ये आणि कमी रॅमच्या काही स्वस्त फोनमध्ये ही सोय सिस्टीममध्येच नसते. तिथे कुठलीही योजना घेतली तरी खिडकी येणार नाही, आणि त्यासाठी जास्त पैसे भरू नका. तसंच संगीताच्या व्हिडिओला खिडकी हवी असेल तर पूर्ण प्रीमियम लागतं.

डाउनलोडची गडबड

डाउनलोड अडलेला असेल तर आधी `Background & downloads` मध्ये वायफायवरच डाउनलोड करण्याचा पर्याय चालू आहे का ते बघा. तो चालू असेल तर मोबाइल डेटावर व्हिडिओ वाट बघत बसतो, काही चुकलंय असा संदेशही येत नाही. मग जागा तपासा. क्वालिटी 1080p वर ठेवली असेल तर तोच व्हिडिओ 360p च्या कितीतरी पट जागा खातो. निव्वळ ऐकायचं असेल तर कमी क्वालिटी पुरेशी आहे.

डाउनलोड झालेला व्हिडिओ गॅलरीत सापडत नाही म्हणून लोक घाबरतात. तो गॅलरीत येतच नाही, यूट्यूबच्या आतच राहतो आणि दुसऱ्याला पाठवताही येत नाही.

आणि मुदतीचं लक्षात घ्या. प्रीमियमचे डाउनलोड चालू राहायला फोन साधारण महिन्यातून एकदा तरी इंटरनेटला जोडावा लागतो, कारण सदस्यता चालू आहे का हे अ‍ॅपला विचारून घ्यावं लागतं. गावी आजोबांना सिम नसलेला जुना फोन व्हिडिओ भरून दिला, तर महिन्याने तो मुका होतो. जो कुणी गावी जाईल त्याने हॉटस्पॉट देऊन यूट्यूब एकदा उघडायचं. आणि डाउनलोड दोन दिवसांतच उघडेनासा झाला तर अकाउंट तपासा. भारतात पैसे न भरताही काही व्हिडिओ डाउनलोड होतात, पण ते 48 तासांपुरते असू शकतात. म्हणजे डाउनलोड करताना बहुधा सदस्यता नसलेलं अकाउंट चालू होतं.

योजना बदलायचीच असेल तर

सगळं तपासून अडचण लाइटच्या सीमेचीच निघाली, तरच पैसे वाढवा. आयफोनच्या अ‍ॅपमधून घेतलं तर तीच योजना महाग पडते, म्हणून ब्राउझरमधून `youtube.com` वर घ्या. आधीची सदस्यता अ‍ॅपलमार्फत घेतलेली असेल तर ती आधी आयफोनच्या `Subscriptions` मध्ये जाऊन रद्द करा. नाहीतर दोन्हीकडून पैसे कापले जाण्याची शक्यता राहते.

इथे थांबा

पैसे कापले गेलेत पण सदस्यतेच्या पानावर योजना दिसत नाही, तर फोनशी आणखी झटापट करू नका. अ‍ॅपच्या `Settings` मधल्या `Help` मधून यूट्यूबच्या मदत केंद्राला लिहा, आणि व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवा. ऑटोपेचं मँडेट अडलं असेल तर ते बँक किंवा यूपीआय अ‍ॅपच सोडवू शकतं. ब्रॉडबँड किंवा मोबाइल प्लॅनसोबत प्रीमियम मिळालेलं असेल तर तक्रार त्या कंपनीकडे करायची, कारण सदस्यता त्यांनी चालू केलेली असते.

यूट्यूबच नाही तर गाण्यांचं दुसरं अ‍ॅप आणि रेडिओ अ‍ॅपसुद्धा लॉक केल्यावर थांबत असेल, आणि बॅटरीचं सेटिंग बदलूनही फरक पडत नसेल, तर फोन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवा. फॅक्टरी रीसेट स्वतः करू नका, आधी फोटो आणि कॉन्टॅक्टचा बॅकअप त्यांच्यासमोर घ्या.

गुगलवर "यूट्यूब कस्टमर केअर नंबर" शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नका. तिकडचा माणूस स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप टाकायला सांगेल, ओटीपी विचारेल किंवा "रिफंड" साठी यूपीआय पिन टाकायला लावेल. पैसे परत यायला पिन कधीच लागत नाही. असा फोन आधीच होऊन गेला असेल आणि पैसे गेले असतील, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा आणि बँकेलाही त्याच वेळी फोन करा.